गच्चीच्या जागी पत्र्याचे छप्पर: छायाचित्रातील उतार, पन्हळ आणि सावली

इंदूरच्या रामबाग भागात आमच्या ओळखीच्या एका काकांचे एकमजली घर आहे. स्लॅब दर पावसाळ्यात गळतो, म्हणून त्यावर दोन्ही बाजूंना उतार असलेले पत्र्याचे छप्पर घालायचे त्यांनी ठरवले. हातात चद्दर येण्याआधी घर कसे दिसेल हे घरच्यांना बघायचे होते, तेव्हा घराच्या छायाचित्रात गच्ची काढून छप्पर बसवण्याचे काम माझ्याकडे आले. माझा पहिला प्रयत्न बघून काका म्हणाले, "छप्पर चांगलं आहे, पण ते घरावर ठेवल्यासारखं दिसतंय, बसवल्यासारखं नाही." त्यांचे म्हणणे बरोबर होते. चूक शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि छप्पर 'बसण्यासाठी' लागणारी बहुतेक मापे त्याच छायाचित्रात आधीपासून होती, हे त्यातून कळले. ती मापे कशी काढायची, हे याच घराच्या उदाहरणाने सांगतो.

घराचे तोंड दक्षिणेला आहे. समोरची भिंत १० मीटर लांब आहे आणि घराची खोली ७ मीटर आहे. छायाचित्र ऑक्टोबरच्या मध्यात, दुपारी सव्वाच्या सुमारास, रस्त्याच्या पलीकडून घेतलेले आहे. कॅमेरा समोरच्या भिंतीला सरळ तोंड करून, पण घराच्या पश्चिम कोपऱ्याच्या थोडा बाहेर धरलेला असल्यामुळे पश्चिमेची बाजूही डावीकडे तिरपी दिसते. मोबाइल वरच्या बाजूला कलवून फोटो काढला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. त्या आधी सरळ करून घ्याव्यात, कारण पुढची सगळी मोजणी त्यांच्यावर उभी आहे. सरळ केल्यावर समोरच्या भिंतीवर १ मीटर म्हणजे २०० पिक्सेल असे प्रमाण निघाले. दाराची उंची टेपने २.१ मीटर भरली होती आणि चित्रात ती ४२० पिक्सेल आली, म्हणून प्रमाणावर विश्वास ठेवता आला.

पहिला प्रश्न असा की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला छपराचा उतार मुळात दिसतो किती? माझी पहिली चूक इथेच होती. पत्र्याची दुसरीकडून घेतलेली छान लाल प्रतिमा मी भिंतीच्या वर भरपूर उंचीने पसरवली होती. पाहणारा जणू शेजारच्या दुमजली घराच्या गच्चीत उभा होता आणि भिंत मात्र रस्त्यावरून पाहिलेली होती. एकाच चित्रात दोन जागी उभे राहता येत नाही, आणि डोळ्याला ते लगेच खटकते, जरी कारण सांगता आले नाही तरी.

हिशेब सोपा आहे. पत्र्याची खालची कड जमिनीपासून ३.७५ मीटर उंच येणार होती आणि कॅमेरा १.५ मीटर उंचीवर होता, म्हणजे फरक २.२५ मीटर. कॅमेऱ्यापासून त्या कडेचे सरळ अंतर १२ मीटर. २.२५ ला १२ ने भागले की ०.१९ येते, आणि हा झाला नजरेचा चढ. छपराचा उतार १५ अंशांचा, म्हणजे दर मीटरला सुमारे २७ सेंटिमीटर चढणारा, त्यामुळे त्याचा चढ ०.२७ आहे. छपराचा चढ नजरेच्या चढापेक्षा जास्त असेल तरच उताराचा वरचा पृष्ठभाग दिसतो. इथे तो दिसतो, पण जेमतेम. कडेपासून आढ्यापर्यंतचे आडवे अंतर ४ मीटरच्या किंचित वर आहे आणि तेवढ्यात छप्पर सुमारे १.०८ मीटर चढते, म्हणून आढे कॅमेऱ्याच्या पातळीपासून सुमारे ३.३३ मीटर उंच आणि १६ मीटर दूर आहे. तिथला नजरेचा चढ ०.२१ भरतो. ०.१९ आणि ०.२१ यांच्यातला हा एवढासा फरक म्हणजे चित्रात दिसणारे संपूर्ण छप्पर. पिक्सेलमध्ये ते केवळ ५० च्या आसपास येते. सव्वाचार मीटर लांबीचा उतार डोळ्याला हातभरापेक्षा कमी जाडीच्या पट्टीसारखा दिसतो, आणि मी तो २०० पिक्सेल उंच काढून ठेवला होता.

हेच घर दुमजली असते आणि पत्र्याची कड ६.७५ मीटरवर असती, तर नजरेचा चढ ०.४४ झाला असता आणि समोरून उताराचा पृष्ठभाग अजिबात दिसला नसता. तेव्हा फक्त पन्हळ, वळचणीचा खालचा भाग आणि बाजूच्या भिंतीचा त्रिकोण काढायचा असतो. गिऱ्हाइकाला "छप्पर कुठे आहे?" असे वाटते हे खरे, पण त्याचा उपाय मागे जाऊन दुसरे छायाचित्र घेणे हा आहे, छप्पर उभे करून दाखवणे हा नव्हे.

आता उताराचा आकार. पश्चिमेच्या भिंतीच्या सगळ्या आडव्या रेषा (जोत्याची, खिडकीच्या उंबऱ्याची, स्लॅबची) पुढे वाढवल्या की त्या कॅमेऱ्याच्या उंचीवरील एका बिंदूत मिळतात. या भिंतीचा मध्य फूटपट्टीने अर्धा करून मिळत नाही, कारण दूरचा अर्धा भाग आखूड दिसतो. भिंतीच्या चौकोनाचे दोन कर्ण काढले की ते जिथे छेदतात, तोच खरा मध्य असतो. त्या मध्यावर उभी रेषा काढायची. मग जवळच्या कोपऱ्यावर, जिथे प्रमाण माहीत आहे, आढ्याची उंची ४.८३ मीटरवर खूण करायची आणि तिथून त्या मिलनबिंदूकडे रेषा न्यायची. ती मध्याच्या उभ्या रेषेला जिथे छेदते तिथे आढ्याचे टोक. पत्रा भिंतीच्या थोडा बाहेर येतो, म्हणून हे टोक किंचित डावीकडे सरकवावे लागते.

पत्र्याच्या उभ्या घड्या, म्हणजे वरपासून खालपर्यंत जाणारे कंगोरे, याच मिलनबिंदूकडे जातात असे वाटणे साहजिक आहे, पण ते चूक आहे. कंगोरे मागे जाताना वरही चढतात, म्हणून त्यांचा बिंदू आडव्या रेषांच्या बिंदूच्या बरोबर वर, एकाच उभ्या रेषेवर असतो. किती वर, हेही काढता येते: कॅमेऱ्यापासून भिंत १२.६ मीटर, गुणिले २०० पिक्सेल, गुणिले ०.२६८, म्हणजे सुमारे ६७५ पिक्सेल. कंगोऱ्यांमधले खरे अंतर २५ सेंटिमीटर धरले, तर पत्र्याच्या कडेशी ते ५२ पिक्सेल आणि आढ्याशी ३९ पिक्सेल भरते. पत्र्याची सपाट प्रतिमा घेऊन फोटोशॉपमधील `Distort` ने तिचे चार कोपरे योग्य जागी ओढले की हे अंतर आपोआप जुळते. अट एकच की मूळ प्रतिमेत १०.६ मीटर लांबी आणि ४.२ मीटर उंची यांच्या प्रमाणातच पत्रा असावा. चौरस प्रतिमा ओढून ताणली तर कंगोरे भलतेच रुंद होतात आणि घर खेळण्यातले वाटू लागते.

रंगाबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. नवा पत्रा म्हणून त्यावर पांढरी चमक ओढण्याचा मोह होतो. दक्षिणेकडून ५५ अंशांवरून आलेले ऊन दक्षिणेकडे १५ अंश कललेल्या पत्र्यावरून जवळजवळ सरळ वर परतते, रस्त्यावरच्या कॅमेऱ्याकडे नाही. एवढ्या तिरक्या नजरेला पत्र्यात उलट मागच्या, उत्तरेच्या आकाशाचे प्रतिबिंब मिसळते, म्हणून लाल पत्रा थोडा फिकट आणि निळसर दिसायला हवा. चमक नको.

पाण्याच्या कडा हा या कामातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. स्लॅबच्या गच्चीला चारही बाजूंनी सारखा कठडा असतो, आणि त्याच सवयीने चित्रात चारही बाजूंना पन्हळ काढली जाते. दुपाखी छपराचे पाणी फक्त दोन बाजूंना, उताराच्या खालच्या कडांना येते. बाजूच्या त्रिकोणाच्या कडेला पन्हळ नसते, तिथे पत्र्याचा शेवट झाकणारी दुमडलेली पट्टी असते. समोरच्या उतारावर साधारण ४० चौरस मीटर क्षेत्रावरचे पाणी येते. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, म्हणून तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर या एका पन्हळीतून तासाला २००० लिटर पाणी वाहील. चार इंची एक पाइप त्याला पुरतो, पण पन्हळीला पाइपाकडे ढाळ लागतो. दर २ मीटरला १ सेंटिमीटर धरला, तर १० मीटरमध्ये ५ सेंटिमीटर, म्हणजे चित्रात १० पिक्सेल. पत्र्याची कड अगदी आडवी आणि तिच्याखालची पन्हळ पश्चिमेच्या टोकाकडे १० पिक्सेल उतरलेली, हे बारीक पाचर दिसले की बघणाऱ्याला हे काम कारागिराने केले आहे असे वाटते.

पत्र्याच्या कडेची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे चित्रात शून्य. जे दिसते ते जाडी नसून घड्यांची नागमोडी किनार असते. माझ्या पहिल्या चित्रात मी कडेला वीस पिक्सेलची जाड पट्टी दिली होती, आणि ते पत्र्याचे छप्पर न राहता लाल रंगवलेला तिरपा स्लॅब झाले होते. पत्रा पन्हळीच्या आत चार-पाच सेंटिमीटर घुसलेला दाखवावा. तो पन्हळीच्या मागे संपला तर पाणी भिंतीवर येईल, आणि फार पुढे गेला तर पन्हळीवरून उडी मारून पागोळ्या थेट ओट्यावर पडतील.

गच्चीच्या जुन्या खुणांचाही विचार लागतो. कठडा तीन फुटी होता, त्यातला फूटभर ठेवून वरचा काढायचा, असे मिस्त्रीने सांगितले होते. पत्र्याचा सांगाडा त्या फूटभर विटांवरच बसणार होता, म्हणून चित्रातही तेवढी भिंत राहायला हवी. कठड्यातून बाहेर आलेल्या पाण्याच्या दोन नळ्या आणि त्यांच्याखाली भिंतीवर उतरलेले शेवाळाचे काळे ओघळ यांना आता कारण उरत नाही, म्हणून तेही पुसायला हवेत. पाण्याची टाकी आणि तिचा पाइप अर्थातच जातो.

सावलीकडे वळताना सूर्याचा कोन तक्त्यात शोधण्याची गरज नाही. खिडकीवरचा छज्जा हेच आपले माप आहे. छज्जा भिंतीपासून ४५ सेंटिमीटर बाहेर आहे, हे टेपने मोजलेले. त्याच्या उजव्या खालच्या टोकाची सावली खिडकीच्या बाहेरच्या गिलाव्यावर पडलेली स्पष्ट दिसत होती. छज्जा भिंतीला मिळतो त्या पातळीपासून ती १४० पिक्सेल खाली आणि टोकापासून ४० पिक्सेल उजवीकडे होती, म्हणजे ७० सेंटिमीटर खाली आणि २० सेंटिमीटर उजवीकडे. भागाकार केला की त्या क्षणाच्या सूर्याचे गुणोत्तर हाती येते: या भिंतीवर बाहेर आलेल्या दर मीटरला सावली १.५५ मीटर खाली आणि ०.४४ मीटर उजवीकडे जाते. नवी पन्हळ भिंतीपासून ६० सेंटिमीटर बाहेर येणार होती, म्हणून तिच्या खालच्या बाहेरील कडेची सावली ९३ सेंटिमीटर खाली आणि २७ सेंटिमीटर उजवीकडे. पन्हळीचा तळ ३.६ मीटरवर, म्हणजे सावलीची रेषा २.६७ मीटरवर येते. छज्जाचा माथा २.६२ मीटरवर आहे. सावली त्याच्या अवघे पाच सेंटिमीटर वर थांबते, म्हणून छज्जा उन्हातच राहतो आणि त्याची जुनी सावली जशीच्या तशी ठेवता येते. असे नशीब दर वेळी लाभत नाही. रेषा छज्जाच्या खाली गेली असती, तर छज्जाचा मागचा भाग सावलीत गेला असता आणि तिथली सावली नव्याने काढावी लागली असती.

डाव्या टोकाशी एक बारकावा आहे. ऊन डावीकडून येत असल्यामुळे छपराच्या टोकाखालून वरच्या कोपऱ्यात ऊन शिरते. छप्पर पश्चिमेला भिंतीच्या ३० सेंटिमीटर बाहेर घेतले होते आणि सावली २७ सेंटिमीटर उजवीकडे सरकते, म्हणून इथे ती कोपऱ्यापर्यंत जेमतेम पोहोचते. छप्पर बाहेर काढलेच नसते, तर कोपऱ्यात उन्हाचा एक अरुंद तिरपा त्रिकोण उरला असता, आणि तो काढावा लागला असता.

पश्चिमेच्या भिंतीवर मात्र हे गुणोत्तर चालत नाही. सूर्य एकच असला तरी त्या भिंतीला ऊन चाटून जाते, म्हणून तिथे ३० सेंटिमीटर बाहेर आलेल्या पत्र्याची सावली सव्वापट-दीडपट नव्हे, तर साडेतीन पट, म्हणजे १.०५ मीटर खाली आणि ६७ सेंटिमीटर मागच्या बाजूला जाते. तिरप्या कडेची सावली म्हणजे त्या कडेचीच समांतर प्रत, जागेवरून सरकवलेली. त्रिकोणाची उंची ९४ सेंटिमीटर असल्यामुळे तो जवळजवळ सगळा सावलीत जातो. दोन्ही भिंतींवर सारख्याच रुंदीचा काळा पट्टा ओढलेली चित्रे मी अनेक पाहिली आहेत, आणि त्यात दोन सूर्य उगवलेले असतात.

सावलीचा रंगही छज्जाखालूनच घ्यावा. उन्हातल्या भिंतीचा रंग `226, 214, 190` होता आणि छज्जाच्या सावलीतल्या त्याच भिंतीचा `118, 121, 124`. सावलीवर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून लाल जास्त घटतो आणि निळा कमी. प्रत्येक जोडीचा भागाकार करून २५५ ने गुणले की `133, 144, 166` मिळते. हा रंग `Multiply` थरावर भरला की गिलाव्याचा पोत राहतो आणि सावली शेजारच्या सावलीशी जुळते. शुद्ध काळा रंग अर्धपारदर्शक करून वापरला तर सावली मळकट तपकिरी दिसते.

त्याआधी एक काम विसरू नये. स्लॅबच्या बाहेर आलेल्या कडेखाली भिंतीवर आधीच एक अरुंद सावली होती. तिच्यावर नवा थर टाकला की तो पट्टा दुप्पट गडद होतो. सावलीत पुन्हा सावली पडत नसते. म्हणून आधी ती जुनी सावली उजळून भिंत उन्हातली करून घ्यायची आणि मगच नवी टाकायची. माझ्या पहिल्या चित्रात पन्हळीखाली जी अनाकलनीय काळी रेघ दिसत होती, ती हीच.

सावलीची कड किती मऊ ठेवायची, यालाही माप आहे. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद असल्यामुळे, सावली टाकणारी कड भिंतीपासून उन्हाच्या रेषेत जितकी दूर, त्याच्या साधारण एकशेआठाव्या भागाइतकी कड पुसट होते. इथे हे अंतर १.१४ मीटर भरते, म्हणजे पुसटपणा एक सेंटिमीटर, दोन पिक्सेल. सवयीने दिलेला पंधरा-वीस पिक्सेलचा मऊपणा ढगाळ दिवसाचा वाटतो, आणि शेजारी छज्जाची सावली सुरीने कापल्यासारखी उभी असते.

शेवटी उतरणारा पाइप. तो पन्हळीच्या खोल टोकापासून, म्हणजे पश्चिमेच्या कोपऱ्याशी, वळचणीखाली दोन वळणे घेऊन भिंतीला येतो आणि खाली जातो. ११ सेंटिमीटर जाडीच्या पाइपाच्या उजवीकडे सावलीची सुमारे ४ सेंटिमीटरची, म्हणजे ८ पिक्सेलची पट्टी दिसते. पण ती वरपासून काढायची नाही. २.६७ मीटरच्या वर भिंत आधीच सावलीत आहे, म्हणून तिथे पाइपाची वेगळी सावली नसते; ती बरोबर त्या रेषेपासून सुरू होते आणि जोत्यापर्यंत जाते. दुसरे चित्र दाखवले तेव्हा काकांनी बोट नेमके त्या रेषेवर ठेवले आणि विचारले, "म्हणजे दुपारी या खिडकीच्या वरपर्यंतच ऊन येणार ना?" ऑक्टोबरात हो, असे मी सांगितले, आणि त्यांनी मिस्त्रीला पन्हळीसाठी भिंतीपासून ६० सेंटिमीटरचे माप लिहून दिले.